ओटीपी कधी येतो, कधी येत नाही

वाचकाचं पत्र

"आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. मामाजींच्या मोबाईलमध्ये दोन सिम आहेत. बँकेत त्यांचा जुना नंबर दिलेला आहे आणि ते सिम दुसऱ्या खाचेत आहे. बँकेच्या ॲपमधून कोणाला पैसे पाठवायचे असले, लाईटचं बिल भरायचं असलं की ओटीपी लागतो. तो कधी येतो, कधी येतच नाही. परवा कृषी केंद्राचे पैसे द्यायचे होते, तीनदा मागवूनही आला नाही, शेवटी मामाजी एसटीने तालुक्याच्या शाखेत गेले. भासऱ्यांच्या मुलाने डिफॉल्ट सिम बदलून पाहिलं, फरक पडला नाही. तो म्हणतो, सिम खराब झालं, नवीन घ्या, नाहीतर बँकेत माझाच नंबर लावून टाका, मी लगेच सांगत जाईन. मामाजींना ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. काय करावं?"

ताई,

तुमच्या पत्रातले सगळ्यात कामाचे शब्द आहेत "कधी येतो". ओटीपी एकदाही आला नसता तर मी आधी बँकेतला नंबर तपासा म्हटलं असतं, कारण गावाकडे पाच-सात वर्षांपूर्वी बंद पडलेला नंबर खात्याला तसाच राहिलेला बऱ्याचदा सापडतो. तुमच्याकडे मधूनमधून येतो, म्हणजे नंबर बरोबर आहे आणि सिमही जिवंत आहे. आता एवढंच शोधायचं की जो ओटीपी येत नाही तो वाटेत अडतो, की फोनमध्ये पोचून कुठेतरी लपतो. दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत आणि ती घरबसल्या ओळखता येतात.

आधी डिफॉल्ट सिमचं बघू. मुलाने मनापासून प्रयत्न केला, पण ती सेटिंग या दुखण्याची नाही. मेसेजसाठी डिफॉल्ट सिम म्हणजे आपण मेसेज पाठवू तेव्हा तो कोणत्या सिमवरून जावा, एवढंच. येणारा मेसेज नंबर बघून येतो. बँकेने जुन्या नंबरवर पाठवला तर तो जुन्याच सिमवर उतरणार, मग डिफॉल्ट पहिलं असो की दुसरं. ही सेटिंग अडते ती दुसऱ्या ठिकाणी. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना ॲप आपल्या फोनमधून बँकेकडे एक मेसेज पाठवतं, नंबर खरंच याच फोनमध्ये आहे का ते पडताळायला. तो चुकीच्या सिमवरून गेला, किंवा त्या सिमला मेसेज पाठवण्याची सोयच उरली नसेल, तर नोंदणी होत नाही. लोक दोन्ही गोष्टींना "ओटीपी येत नाही" असंच म्हणतात, पण तिथे अडतो तो जाणारा मेसेज आणि तुमच्याकडे अडतो आहे तो येणारा.

आता एक साधी चाचणी. शेजारच्या कोणाच्या तरी बटनाच्या साध्या फोनवरून मामाजींच्या जुन्या नंबरवर "नमस्कार" एवढाच मेसेज पाठवायला सांगा. बटनाचा फोन मुद्दाम म्हणते आहे. स्मार्टफोनच्या मेसेज ॲपमधून पाठवलेला मेसेज पुष्कळदा आरसीएसने, म्हणजे इंटरनेटवरून जातो. लिहायच्या चौकटीत फिक्या अक्षरात "RCS message" दिसलं तर समजायचं की तो साधा एसएमएस नाही. तसा मेसेज पोचला म्हणून एसएमएस येतात असं सिद्ध होत नाही, आणि या एका गोष्टीपायी माणसं भलतीकडेच शोधत बसतात.

ही चाचणी एकदा करून थांबू नका. दोन दिवस करा. सकाळी घरात, दुपारी शेतात, संध्याकाळी ओट्यावर, आणि प्रत्येक वेळी पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. ओटीपी मागवाल तेव्हाही तसंच. या टिपणाचा उपयोग पुढे बँकेतही होणार आहे.

साधा मेसेजही रखडत, दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल, किंवा दोन-तीन ओटीपी एकदमच धाडकन येत असतील, तर दोष रेंजचा आहे. फोन सापडला नाही की मेसेज कंपनीकडे थांबतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवला जातो. मेसेज सहसा हरवत नाही, पण ओटीपी काही मिनिटांतच बाद होतो, म्हणून उशिरा आलेला आपल्याला न आल्यासारखाच. अशा वेळी फोन विमान मोडवर टाकून दहा-पंधरा सेकंदांनी परत काढा. सिम टॉवरशी नव्याने जोडलं जातं आणि थांबलेला मेसेज बहुधा लगेच उतरतो. ओटीपी मागवण्याच्या आधीच हे करून, फोन रेंज असलेल्या जागी ठेवून मग सुरुवात केली तर आणखी बरं.

दोन सिमच्या फोनचं याच जातीचं आणखी एक दुखणं आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. साध्या दोन-सिम फोनमध्ये दोन्ही सिम जागी दिसतात, पण बोलण्यासाठीची यंत्रणा एकच असते. एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं सिम बऱ्याच फोनमध्ये तेवढ्यापुरतं आवाक्याबाहेर जातं. मामाजी पहिल्या सिमवरून तुमच्या पुतण्याला किंवा कृषी केंद्राच्या माणसाला फोन लावून "हां, आता काय दाबू" असं विचारत विचारत पैसे पाठवतात का, ते आठवून बघा. तसं असेल तर ओटीपी न येण्याचं कारण तो चालू असलेला फोनच असू शकतो. फोन ठेवायचा, मग ओटीपी मागवायचा.

आणि तीनदा मागवण्याबद्दल. दुसऱ्यांदा मागवला की बहुतेक बँकांमध्ये पहिला ओटीपी रद्द होतो. मग रखडलेला पहिला येतो, आपण तो टाकतो, ॲप म्हणतं चुकीचा, आपण घाबरून तिसरा मागवतो. एकदा मागवल्यावर पडद्यावरचा वेळ पूर्ण संपू द्या, नंतरच पुन्हा मागवा, आणि आलेल्यांपैकी सगळ्यात शेवटी मागवलेलाच टाका. बरेच चुकीचे ओटीपी टाकले गेले तर बँक काही काळासाठी व्यवहार बंदच करते.

रिचार्जच्या तारखाही टिपणात लिहा. गावाकडे दुसऱ्या सिमला पैसे हाती आले की रिचार्ज होतं, मध्ये आठ-पंधरा दिवस तसेच जातात. व्हॅलिडिटी संपली की आधी जाणारे कॉल बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारे कॉल व मेसेजही. ओटीपी न आलेले दिवस आणि रिचार्ज संपलेले दिवस जुळले, तर पुढचं काहीच वाचायला नको.

पण साधा मेसेज पटकन येतो, रेंज आहे, रिचार्ज आहे, आणि तरीही बँकेचाच काही वेळा येत नाही, असं निघालं, तर माझा संशय ब्लॉक यादीवर आहे. तुमच्या पत्रावरून मला तेच अधिक वाटतं, आणि त्याचं कारण नीट सांगते.

मागच्या वर्षी दारव्ह्याकडे माझ्या मावसभावाच्या घरी गेले होते. त्याचीही हीच तक्रार होती, चारपैकी दोन ओटीपी येतात, दोन येत नाहीत. तो बँकेत दोनदा जाऊन आला होता. शाखेत सांगितलं, आमच्याकडून मेसेज जातो आहे. मोबाईलच्या दुकानात सांगितलं, सिम बदला. मी त्याचा फोन हातात घेतला आणि मेसेज ॲपमध्ये वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं. खाली यादी उघडली, त्यात "Spam & blocked" होतं. ते उघडलं तर आत कर्जाच्या, रमीच्या, लकी ड्रॉच्या जाहिरातींच्या मधोमध त्याच्या बँकेचे अकरा ओटीपी ओळीने पडलेले. एकही हरवलेला नाही, एकही रखडलेला नाही, सगळे वेळेवर येऊन तिथेच जमा झालेले. ब्लॉक केलेल्याचा मेसेज आला तर फोन वाजत नाही, वर पट्टीही दिसत नाही. दिवाळीच्या आधी जाहिरातींना वैतागून त्याच्या मुलाने एकेका नावावर बोट दाबून धरत दहा-बारा नावं एकदम ब्लॉक केली होती, आणि त्यात बँकेचं नाव गेलं.

मग अर्धे ओटीपी का येत होते? याचं उत्तर पाठवणाऱ्याच्या नावात आहे. बँकेचा मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या नावावरून येतो. समजा बँकेचं नाव ABCBNK आहे. तर फोनमध्ये ते असं दिसेल:

```
AD-ABCBNK-T
VM-ABCBNK-T
JD-ABCBNK-T
```

मधली अक्षरं बँकेची. सुरुवातीच्या दोन अक्षरांपैकी पहिलं मेसेज कोणत्या मोबाईल कंपनीमार्फत निघाला ते सांगतं, A एअरटेल, V व्होडाफोन आयडिया, J जिओ, B बीएसएनएल. दुसरं अक्षर विभागाचं, D दिल्लीचं, M मुंबईचं. बँक सगळे मेसेज एकाच कंपनीमार्फत पाठवत नाही, आज एका वाटेने, उद्या दुसऱ्या. आपल्याला ती एकच बँक, पण फोनला ही तीन वेगळी माणसं. मावसभावाच्या फोनवर यातलं एकच नाव ब्लॉक होतं. त्या वाटेने आलेला ओटीपी गडप, बाकीच्या वाटांनी आलेला हजर. आपण म्हणतो, बँकेच्या मनात येईल तेव्हा पाठवते.

शेवटचं अक्षर 2025 पासून लागायला लागलं, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाने. T म्हणजे व्यवहाराचा मेसेज, बँकेचा ओटीपी यात येतो. S सेवेचा, G सरकारी, आणि P म्हणजे जाहिरात. हे अक्षर मामाजींना दाखवून ठेवा. ब्लॉक करायचं असेल तर शेवटी P असलेलंच करावं, T आणि S ला हात लावू नये.

आता मामाजींच्या फोनवर काय बघायचं ते. गुगलचं मेसेज ॲप असेल तर मी वर सांगितलं तसं, गोल चित्र, मग "Spam & blocked". तिथे बँकेचं नाव असलेला प्रत्येक संवाद उघडा आणि "Unblock" किंवा "Not spam" दाबा. एक सापडलं म्हणून थांबू नका, त्याच बँकेची वेगळ्या दोन अक्षरांची भावंडंही शोधा. सॅमसंगचं ॲप असेल तर तीन ठिपके, "Settings", मग "Block numbers and spam", तिथे ब्लॉक केलेल्यांची यादी वेगळी आणि अडवलेले मेसेज वेगळे दिसतात, दोन्ही बघा. फोनची भाषा मराठी असेल तर हीच नावं मराठीत दिसतील. आणखी एक, ब्लॉक यादी सिमनुसार नसते, फोनची असते. म्हणून सिम या खाचेतून त्या खाचेत टाकून काही होत नाही.

यात काहीच सापडलं नाही तर फोनमध्ये मेसेजसाठी दुसरंच ॲप मुख्य करून ठेवलं आहे का ते बघा. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारी ॲपं टाकताना "मेसेज ॲपही आम्हालाच करा" असं विचारतात, आणि पुष्कळजण हो म्हणून मोकळे होतात. अशा ॲपचा स्पॅमचा कप्पा स्वतःचा असतो आणि काय स्पॅम ते तेच ठरवतं. फोनच्या सेटिंगमध्ये "Default apps" मध्ये "SMS app" पुढे कोणाचं नाव आहे ते बघा. मामाजींसाठी फोनसोबत आलेलं साधं मेसेज ॲपच तिथे ठेवावं असं माझं मत आहे.

गुगलच्या ॲपमधल्या आणखी एका सोयीने घोळ होतो. मेसेजचे गट पाडण्याची सेटिंग चालू असेल तर ओटीपी वेगळ्या गटात दिसतात, आणि त्यासोबत चोवीस तासांनी ओटीपी आपोआप पुसण्याचीही सोय आहे. मामाजी संध्याकाळी शेतातून येऊन कालचा ओटीपी शोधत असतील आणि तो दिसत नसेल, तर "आलाच नाही" असं त्यांना वाटणं साहजिक आहे. टिपण पूर्ण होईपर्यंत ही पुसण्याची सोय बंद ठेवा. जाहिरातींचे मेसेज बंद करणाऱ्या डीएनडीचीही शंका लोक काढतात. 1909 वर सगळं बंद करून घेतलं असलं तरी बँकेचा व्यवहाराचा मेसेज त्याने थांबत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

आता नवीन सिमचा सल्ला. सिम बदललं तर ब्लॉक यादी जशीच्या तशी राहणार, आणि वर नव्या सिमवर पहिले चोवीस तास मेसेज मुद्दाम बंद ठेवतात, कोणी लबाडीने आपलं सिम काढून लगेच ओटीपी मिळवू नये म्हणून. ज्या दिवशी पैसे भरायचे त्याच दिवशी सिम बदललं तर अडचण वाढेल. साधा मेसेजही चांगल्या रेंजमध्ये येत नसेल आणि तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावरही येत नसेल, तेव्हाच सिमला दोष द्या.

आणि तुमच्या पुतण्याचा नंबर. इथे मी मामाजींच्या बाजूने आहे, मुलावर अविश्वास म्हणून नाही. बँकेतला नंबर बदलला की नुसता ओटीपी त्याच्याकडे जात नाही. पैसे निघाल्याचा, जमा झाल्याचा, पीककर्जाच्या हप्त्याचा मेसेजही तिकडेच जातो, आणि ज्यांचं खातं आहे त्यांना आपल्या खात्यात काय चाललं ते कळायचं बंद होतं. मामाजींचा स्वतःच्या फोनवरचा यूपीआयही अडेल, कारण तो बँकेतला नंबर त्याच फोनमध्ये शोधतो. उद्या मुलगा नोकरीला पुण्याला गेला की रात्री आठ वाजता त्याचा फोन लागेपर्यंत वाट बघायची. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने ओटीपीसारखी गोष्ट दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. मुलगा कितीही चांगला असला तरी त्याचा फोन हरवू शकतो, आणि तेव्हा हा भार त्याच्याही डोक्यावर येईल. हे त्याला असंच समजावून सांगा, त्याला वाईट वाटणार नाही.

ब्लॉक यादी साफ आहे, रिचार्ज आहे, आणि दोष खरंच तुमच्या घराच्या रेंजचा निघाला, तर एक जुना पण चांगला मार्ग आहे. बँकेचं सिम बटनाच्या फोनमध्ये घाला आणि तो घरात जिथे रेंज येते तिथे ठेवा. त्यात स्पॅमचा कप्पा नाही, कॉलची गर्दी नाही. मेसेजची पेटी भरली की नवीन मेसेज घेत नाही, तेवढी आठवड्याला रिकामी करायची. अट एकच, मामाजी स्मार्टफोनवर यूपीआय वापरत असतील, किंवा त्यांच्या बँकेचं ॲप सिम त्याच फोनमध्ये हवं असा आग्रह धरत असेल, तर हा मार्ग चालणार नाही. आधी एकदा सिम काढून ॲप उघडतं का ते बघून घ्या.

एवढं करूनही काही ओटीपी गायबच राहिले, तर टिपणाचा कागद घेऊन शाखेत जा. "ओटीपी येत नाही" म्हणू नका, कारण त्यावर "आम्ही पाठवतो" एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: अमुक तारखेला, अमुक वाजून अमुक मिनिटांनी या खात्यासाठी मागवलेला ओटीपी पोचल्याची नोंद आहे का, की मोबाईल कंपनीने परत केला? पोचल्याची नोंद असेल तर शोध फोनमध्येच घ्यायचा. नसेल तर हाच कागद मोबाईल कंपनीकडे तक्रारीला चालतो. ग्राहक सेवेला फोन करायचा झाला तर नंबर पासबुकवरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या, इंटरनेटवर शोधलेला नको. बँकेतला कोणीही ओटीपी विचारत नाही किंवा फोनमध्ये ॲप टाकायला सांगत नाही. तसं कोणी सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर कळवा.

सुरुवात मात्र आज "Spam & blocked" पासून करा. भासऱ्यांच्या मुलालाच बोलवा, त्याचा हात बसलेला आहे, आणि मामाजींना शेजारी बसवा. बँकेची जी जी नावं तिथे सापडतील ती त्याने मोकळी करायची आणि प्रत्येकाची सुरुवातीची दोन अक्षरं मामाजींनी मोठ्याने वाचायची. मग फोन ओट्यावर नेऊन, कोणाशी न बोलता, एकच ओटीपी मागवा आणि काय झालं ते मला वेळेसकट लिहा.